स्वतःचं खातं

शनिवार पहिला होता, म्हणजे बँक चालू. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असते हे वैशालीने आधीच विचारून ठेवलं होतं. लोकमान्य नगरहून बसने नौपाड्याला उतरली तेव्हा दहा वाजत होते. पिशवीत आधार, पॅन, दोन्हींच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे फोटो.

वागळे इस्टेटमधल्या पॅकिंगच्या कामाचा तिचा पगार आजवर बाबांच्या खात्यात जायचा. बाबा काही उधळे नव्हते, पण शंभर रुपये हवे असले तरी कारण सांगावं लागायचं. आता सुपरवायझर म्हणाला, नवीन महिन्यापासून ज्याचा पगार त्याच्याच खात्यात. तिला आयतंच निमित्त मिळालं. घरी मात्र ओव्हरटाइम आहे म्हणून सांगून निघाली.

काउंटरवरच्या मॅडमनी मान वर न करताच विचारलं, "सोबत कोणी नाही का?"

"मीच आलेय. खातं उघडायचंय. झिरो बॅलन्सवालं."

"महिन्यातून चारदा पैसे फुकट काढता येतात, एटीएम धरून. चालेल?"

चार वेळा! तिने अजून एकदाही काढले नव्हते.

"आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी आला असेल, सांगा."

वैशालीच्या पोटात गोळा आला. तो नंबर बाबांचा. आधार काढलं तेव्हा ती शाळेत होती, घरात मोबाइल एकच. "अंगठ्यावर होईल का?" तिने घाईघाईने विचारलं.

मॅडमनी मशीन पुढे सरकवलं. अंगठा लागेना. दिवसभर खोके आणि चिकटपट्टी हाताळून बोटांच्या रेषा पार घासल्या होत्या. पुसून, दाबून, तिरका धरून पाहिला, मशीन आपलं लालच. मागच्या आजोबांनी घसा खाकरला. मॅडमनी पहिल्यांदाच तिच्या हातांकडे नीट पाहिलं. "अनामिका ठेवा. त्या बोटाने कोणी काम करत नाही." हिरवा दिवा लागला.

फॉर्मवर तिने स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला. नॉमिनी: आई. पुढच्या रकान्यात वय. इथे पेन अडलं. आईचा वाढदिवस घरात कधी झालाच नव्हता. आईकडे फोन नाही, म्हणजे लावायचा तो बाबांनाच. मॅडम वाट बघत होत्या.

"बाबा, आईचं वय किती?"

"का गं? आणि मघाशी मला कसला ओटीपी आला?"

"बँकेत आहे. माझं खातं उघडतेय."

पलीकडे रिक्षांचे हॉर्न ऐकू येत राहिले.

"बेचाळीस लाव," बाबा म्हणाले. "आणि एटीएमचा पिन कुणाला सांगू नकोस."

"तुम्हालापण?"

"मला कशाला सांगतेस?"

तिने ४२ लिहिलं आणि सही करायला फॉर्म उलटा केला.