अनसूया

नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत सकाळीच बोर्ड चढला: 'अनुसया तर्री पोहे'. गजूचा चेहराच उतरला.

"काहून बे, हे काय लिहून आणलं? आईचं नाव अनसूया होतं."

"सारा मोहल्ला तिले अनुसयाच म्हणे," दिनू म्हणाला. "मी बी."

"म्हणो. साठीत सही शिकली ते. 'स'चा दीर्घ ऊकार पाटीवर गिरवून गिरवून बोटं पांढरी व्हायची तिची."

"अन् बोर्डाचे पैसे मी देल्ले, ते?"

"घेऊन जा तुये पैसे!"

दिनू ताडताड निघून गेला. तर्री करपली.

दुपारी तो परतला. हातात लाल रंगाचा डबा, बारीक ब्रश.

"शिडी धर."

'नु'चा उकार खरवडताना त्याचा हात थरथरत होता.

"आता सांग, 'सू' कसा काढे ते?"