दहा वाजायच्या आत

सुलक्षाच्या घरात रेंज दोनच जागी यायची: अंगणात तुळशीपाशी आणि तिच्या खोलीच्या खिडकीत. जून २०२१ चा पाऊस होता, तुळशीपाशी उभं राहायची सोय नव्हती. म्हणून फोन खिडकीच्या कठड्यावरच असायचा, झोपतानासुद्धा. त्या रात्री वारा फिरला आणि कौलांची पागोळी बाहेर पडायची ती आत वळली.

सकाळी ८:५० ला तिने फोन उचलला तेव्हा कव्हरमधून पाणी ओघळून मनगटावर आलं. बटण दाबलं. स्क्रीन काळीच राहिली. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं. काही नाही.

दहा वाजता इतिहासाचा पेपर होता. बी.ए.चं दुसरं वर्ष, चार मोठे प्रश्न, दोन तास. प्रश्नपत्रिका गूगल क्लासरूमवर यायची, उत्तरं कागदावर लिहायची आणि १२:३० च्या आत पानांचे फोटो चढवायचे.

तिचा हात चार्जरकडे गेला. पिन फोनच्या तोंडाशी नेली आणि तिथेच थांबली. रात्रभर भिजलेला फोन आहे, आत पाणी असताना करंट दिला तर जे वाचण्यासारखं आहे तेही जळेल. तिने चार्जर भिंतीतून काढला, गुंडाळला आणि कपाटावर ठेवला. तो समोर असता तर पाच मिनिटांनी पुन्हा हातात आला असता.

मग ती स्वयंपाकघरात गेली, मडक्यातलं पाणी तांब्याभर प्याली. घसा इतका कोरडा पडला होता की पहिला घोट गिळताना दुखलं.

"काय झालं गो?" आजीने चुलीवरची पेज ढवळत विचारलं.

"फोन भिजला आजी. तुझी गोधडीची सुई दे."

आजीने डबा पुढे केला. सुईने सिमचा ट्रे बाहेर आला, ट्रेच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब होता, साबुदाण्याच्या दाण्याएवढा. सुलक्षाने सिम जुन्या साडीच्या तुकड्याने पुसलं, कागदाच्या पुडीत बांधलं आणि पुडी ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवली. कव्हर काढून फोन पुसला, तोंड खाली करून टेबलावर उभा टेकवला.

"तांदळात घाल," आजी म्हणाली. "सगळे घालतात."

"नको, तांदळाची कणी तोंडात शिरते. असाच वाऱ्यावर राहू दे. आणि चुलीपाशी नेऊ नको हं."

भिंतीवरच्या घड्याळात ९:०२ झाले होते.

त्या वर्षी मुलांच्या मनात फोन आणि परीक्षा एकच होऊन बसली होती. फोन गेला म्हणजे पेपर गेला, असंच वाटायचं, आणि त्यात मुलांचा काही दोष नव्हता. वर्ष-दीड वर्ष वर्ग, बाई, मैत्रिणी, वही, सगळं त्या तळहाताएवढ्या काचेत कोंबलेलं. सुलक्षालाही क्षणभर तसंच वाटलं. पण तिने एक कोरा कागद घेतला आणि परीक्षेला फोन नेमका कशाला लागतो ते लिहून काढलं. दहा वाजता प्रश्न बघायला. बारानंतर फोटो पाठवायला. आणि मॅडमना आत्ता कळवायला. मधल्या दोन तासांपुढे तिने लिहिलं: पेन.

तो कागद बघितल्यावर तिचा श्वास जरा खाली बसला. दोन तास फोन नाही, दहा-दहा मिनिटांचा फोन हवा होता. तेवढा कुठूनही मिळाला असता.

बाबांचा स्मार्टफोन बाबांबरोबर सकाळी सातलाच डिचोलीला गेला होता. आई साखळीला कामावर. घरात उरला आजीचा बटणांचा फोन. सुलक्षाने पुडी सोडून आपलं सिम त्यात बसवायचा विचार केला, पण आजीच्या फोनाला मोठं सिम लागायचं. तिचं नखाएवढं सिम त्या खाचेत नुसतं इकडून तिकडे घसरलं असतं. ती वाट तिने लगेच सोडली. आजीचं स्वतःचं सिम चालू होतं, बोलायला तेवढं पुरे.

मॅडमचा नंबर तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर होता. मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने तारा पाडल्या, घरात दिवसच्या दिवस लाईट नव्हती, फोन बंद पडले आणि कुणाचाही नंबर कुणाला पाठ नव्हता. लाईट आल्या दिवशी तिने दहा-बारा नंबर पेनाने उतरवून ठेवले होते. कॉलेजमधल्या दोन मॅडम, वर्गातली एक मैत्रीण, आईचं ऑफिस, डॉक्टर.

छत्री धरून ती तुळशीपाशी उभी राहिली. मॅडमनी पहिला फोन उचलला नाही. अनोळखी नंबर, परीक्षेची सकाळ, कोण उचलेल? तिने लगेच दुसऱ्यांदा लावला नाही. आधी मेसेज टाइप केला: नाव, रोल नंबर, फोन पाण्याने बंद पडलाय, हा आजीचा नंबर, पेपर द्यायचा आहे. जुन्या बटणांवर एकेका अक्षरासाठी तीन-तीनदा दाबावं लागत होतं. अंगठा थरथरत होता म्हणून तिने कोपर वृंदावनाच्या कडेवर टेकवलं. मेसेज गेला आणि दोन मिनिटांत मॅडमचाच फोन आला.

"सुलक्षा, बोल."

"मॅडम, शेजारच्या काकींचा फोन दहा मिनिटं मिळेल असं वाटतंय. त्यावर प्रश्न उतरवून घेईन, घरी बसून लिहीन आणि बारा वाजता परत जाऊन फोटो चढवीन. चालेल का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "उतरवलेल्या प्रश्नांचं पानही उत्तरांबरोबर जोड. वर वेळ लिही. आणि चढवायला अडचण आली तर १२:३० च्या आत मला याच नंबरवरून कळव. नंतर नको."

"हो मॅडम."

"जेवलीस का काही?"

"पेज आहे."

"खा आणि जा."

तिने उभ्याउभ्याच अर्धी वाटी पेज आणि तोरांच्या लोणच्याची एक फोड खाल्ली. ९:२५.

मंजूकाकीचं घर वरच्या बाजूला, अंजुण्याच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत होतं. तिथे रेंज चांगली यायची. मास्क लावून, वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती चढण चढली. काकी सोप्यावर बसून नारळ किसत होती. आत सोहम सहावीचं पुस्तक उघडून फोनसमोर बसला होता.

"काकी, माझा फोन पावसात गेला. दहाला पेपर आहे. तुमचा फोन दहा मिनिटं देणार का? मग बाराला परत दहा मिनिटं."

काकीने सोहमकडे बघितलं. "त्याचा वर्ग साडेदहाला सुरू होतो बघ."

"साडेदहाच्या आत देते. मला नुसते प्रश्न लिहून घ्यायचेत."

"मग घे की! मी म्हटलं, दोन तास हवा म्हणतेस."

फोनात दुसऱ्या सिमची जागा रिकामी होती. क्लासरूम उघडायला कॉलेजच्या ईमेलमध्ये शिरावं लागणार, नवा फोन दिसला की गूगल तिच्या नंबरवर ओटीपी पाठवणार, हे तिने सिम काढतानाच ताडलं होतं. ओढणीची गाठ सोडली. पुडीतलं सिम कोरडं होतं. सोहमने कानातलं रिंग मागितलं आईकडे, त्याच्या टोकाने ट्रे उघडून दिला आणि सिम कुठल्या बाजूने बसतं तेही दाखवलं. पासवर्ड तिला पाठ होता. सहा आकडे आले. ९:४८ ला तिचा वर्ग स्क्रीनवर उघडला. तिथे अजून काहीच नव्हतं, फक्त काल मॅडमनी लिहिलेली ओळ: घाबरू नका, शांतपणे लिहा.

ती बारा मिनिटं सगळ्यात जड गेली. करायला काही नव्हतं ना. धावपळीत हात कामात असतात, भीतीला जागा मिळत नाही. रिकामं बसल्यावर ती पोटात उतरते. सुलक्षाने वहीचं पान उघडून वर तारीख घातली, समास आखला, चार प्रश्नांचे चार आकडे आधीच लिहून ठेवले. काकीचं किसणं चालू होतं. खर्र, खर्र.

दहा वाजता प्रश्नपत्रिका आली. तिने एकेक प्रश्न शब्दाला शब्द उतरवला, गुणांसकट, आणि दुसऱ्यांदा बोट ठेवून ताडून पाहिला. 'कारणे' लिहायचंय की 'परिणाम', हे चुकलं तर पुढचे दोन तास वाया. तिसरा प्रश्न होता: सत्तरीतील राण्यांच्या उठावांचे स्वरूप स्पष्ट करा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं हे राणे घराणं पोर्तुगीजांविरुद्ध उठलं होतं. तो प्रश्न उतरवताना तिच्या अक्षराला जरा वळण आलं.

१०:११ ला तिने फोन सोहमच्या हातात ठेवला. सिम आतच राहू दिलं.

घरी आजीने टेबल पुसून ठेवलं होतं आणि गळतं तिथे पातेलं लावलं होतं. टप टप चालू होतं. सुलक्षाने दार ओढून घेतलं आणि लिहायला बसली. एकदाही तिने बंद फोनकडे बघितलं नाही. बघून करायचं तरी काय होतं? ११:५५ ला शेवटचं वाक्य पुरं केलं, पानांवर नंबर घातले, नऊ पानं झाली, दहावं प्रश्नांचं.

बारा वाजता काकीच्या सोप्यावर एक नवीनच अडचण. चौथा फोटो काढला आणि फोनवर आलं, जागा शिल्लक नाही. काकीच्या फोनात फुलांची, सूर्योदयाची शेकडो शुभ सकाळ साठली होती. परक्याच्या फोनातलं काही पुसायचं नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने फोन काकीपुढे धरला.

"यातलं काय पुसू, तुम्हीच दाखवा."

काकीने चष्मा लावला. "हे सगळं जाऊ दे. हा एक ठेव, माझ्या भावाने पाठवलेला. आणि लग्नातले ठेव."

१२:१४ ला दहाही पानं चढली. तिने प्रत्येक पान उघडून बघितलं, सातवं पान पागोळीच्या सावलीने काळवंडलं होतं ते पुन्हा काढून घातलं, आणि 'सबमिट' दाबलं. १२:१९. मग आपलं खातं काकीच्या फोनातून काढून टाकलं, सिम पुडीत बांधलं, ट्रे पुन्हा बसवून दिला. काकीने खोबऱ्याची एक कवड तिच्या हातावर ठेवली.

उतारावरून येताना पाऊस थांबला होता. आजी दारातच उभी होती.

"पोचलं का गो सगळं?"

"पोचलं."

"राण्यांवर विचारलं?"

"विचारलं. पंधरा गुणांना."

आजी पायरीवर सरकून बसली आणि तिला बसायला जागा करून दिली. "मग लिहिलंस ना, दीपाजी राण्याने नाणूसचा किल्ला घेतला ते?"

"लिहिलं आजी. १८५२. पहिल्याच ओळीत."