ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या छायाचित्राबाबत जाहीर उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण 23 नोव्हेंबर 2025 रोजी ‘भिगवणची पहाट’ या शीर्षकाखाली, तीन हिवाळ्यांच्या खटपटीनंतर स्वतः टिपलेले म्हणून प्रसिद्ध केलेले रोहित पक्ष्यांचे छायाचित्र माझे आहे. याबाबत मी आपल्याला 24 आणि 27 नोव्हेंबरला खासगी संदेश पाठवले होते. त्यांना उत्तर आले नाही. काल मात्र एका वाचकाने विचारल्यावर आपण सर्वांसमक्ष लिहिलेत की, ‘अशी छायाचित्रे शेकडो जण काढतात, कल्पनेवर कोणाची मक्तेदारी नसते.’ हे विधान जाहीर असल्यामुळे त्याचे उत्तरही मी जाहीरपणेच देत आहे.

हे छायाचित्र मी रविवार, 9 फेब्रुवारी 2025 रोजी सकाळी 8 वाजून 52 मिनिटांनी ठाणे खाडीत, ऐरोलीहून निघालेल्या होडीतून काढले. भरतीचे पाणी चढत होते आणि पक्षी उरलेल्या चिखलावर दाटीने चरत होते. होडीवाल्या काकांनी न सांगता इंजिन बंद करून होडी नुसती वाहू दिली, म्हणून थवा उडाला नाही. छायाचित्राखालच्या माझ्या मूळ ओळीत मी त्यांचे आभार मानले आहेत, आणि आपल्या मजकुरातून माझ्याबरोबर तेही गाळले गेले, याचे मला अधिक वाईट वाटते. मी 12 फेब्रुवारीला प्रसिद्ध केलेल्या प्रतीत उजव्या खालच्या कोपऱ्यात माझे नाव होते. आपल्या प्रतीत ती कड कापलेली आहे.

कापलेल्या कडेपेक्षाही बोलकी गोष्ट वेगळीच आहे. मूळ छायाचित्रात पक्ष्यांमागे उच्चदाब वीजवाहिनीचा एक मनोरा आहे, जो मी मुद्दाम चौकटीत ठेवला होता, कारण मनोऱ्यांशिवायची आमची खाडी मी पाहिलेलीच नाही. आपण तो सफाईने पुसलात, पण पाण्यातले त्याचे प्रतिबिंब पुसायचे राहून गेले. आपल्या प्रतीत डावीकडून चौथ्या पक्ष्याच्या पायांशी आडव्या-तिरप्या पट्ट्यांची जी जाळी थरथरताना दिसते, ती वरच्या मोकळ्या आकाशातून पडलेली नाही.

भिगवणचे म्हणाल, तर ते उजनी धरणाचे गोडे पाणी आहे. आपल्या प्रतीतही थव्यामागे जी हिरवी रांग दिसते ती खारफुटीची आहे, आणि खारफुटी उजनीच्या काठी उगवत नाही. शिवाय हे गडद चोचीचे छोटे रोहित आहेत. भिगवणला प्रामुख्याने दिसतात ते मोठे रोहित. ही खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. ऐरोली-वाशीच्या पुलांवरून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी अनेकांना आजही ती केवळ वासाने माहीत आहे, आणि अशा वेळी तिचे छायाचित्र दुसऱ्या गावाच्या नावावर खपवणे मला बरे वाटत नाही.

आता कल्पनेविषयी. आपले म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे: खाडीतले रोहित, सकाळचे ऊन आणि मागे मनोरा, ही कल्पना माझ्या मालकीची नाही. आपण उद्या त्याच होडीतून जाऊन तसेच छायाचित्र काढलेत, तर माझी काहीही तक्रार असणार नाही. परंतु आपण कल्पना घेतलेली नाही. तयार छायाचित्रच घेतले आहे. प्रताधिकार अधिनियम, 1957 नुसार स्वतःसाठी काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढणारा असतो आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नसते. त्याच कायद्याचे कलम 57 निर्मात्याला आपल्या कृतीवर आपले कर्तृत्व सांगण्याचा अधिकार देते, आणि प्रताधिकार दुसऱ्याला दिल्यानंतरही तो अधिकार उरतो. मी तर आपल्याला काहीच दिलेले नाही.

DSC_4187.NEF ही मूळ फाइल धरून तिच्या आगेमागे काढलेली, 4179 ते 4196 या क्रमांकांची अठरा छायाचित्रे माझ्याकडे आहेत. आपल्या किंवा आपण सुचवाल त्या जाणकाराच्या समक्ष ती उघडून दाखवण्याची माझी तयारी आहे; आपणही आपली मूळ फाइल आणावी.

माझी मागणी मर्यादित आहे. सोमवार, 8 डिसेंबर 2025 पर्यंत आपण ते छायाचित्र काढून टाकावे, किंवा ठेवायचे असल्यास माझ्या नावासह, ठाणे खाडीच्या उल्लेखासह आणि मनोरा पुसलेला नसलेल्या मूळ स्वरूपात ठेवावे, व दोन्हींपैकी काहीही केले तरी ते आपण काढलेले नव्हते असे एका ओळीत त्याच जागी लिहावे. पैसे मला नकोत. त्या तारखेपर्यंत काही न झाल्यास मी प्रताधिकारभंगाची रीतसर तक्रार करीन.

माझ्या बाजूने बोलणाऱ्यांना विनंती आहे की, त्यांनी या गृहस्थांना अपशब्द वापरू नयेत, त्यांच्या घरच्यांची छायाचित्रे शोधू नयेत आणि त्यांच्या इतर कामाबद्दल तर्क लढवू नयेत. माझी तक्रार या एकाच छायाचित्रापुरती आहे.

आपली,
मूळ छायाचित्रकार, ऐरोली, नवी मुंबई
1 डिसेंबर 2025