कामाच्या ठिकाणच्या सोयींबाबत मानसशास्त्रज्ञांचे शिफारसपत्र

गोपनीय : फक्त मनुष्यबळ विभागप्रमुखांसाठी

दिनांक : ९ जून २०२५

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख

विषय : लेखा विभागातील कर्मचाऱ्यासाठी कामाच्या ठिकाणी काही सोयी करण्याबाबत

महोदया,
सप्रेम नमस्कार.

ज्यांनी हे पत्र आपल्या हाती दिले, त्या आपल्या लेखा विभागातील कर्मचारी माझ्याकडे उपचार घेत आहेत. पत्र चुकून दुसऱ्या कुणाच्या हाती पडले तरी ओळख उघड होऊ नये, म्हणून त्यांचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. पत्रातली ओळ न् ओळ त्यांनी वाचली आहे आणि एवढाच मजकूर आपल्याला कळवायला लेखी संमती दिली आहे. त्यांना चिंताविकार आहे. तो कशातून आला, घरची परिस्थिती काय, सत्रांमध्ये काय बोलणे होते, औषधे आहेत की नाहीत, हे या पत्रात नाही आणि सोयी ठरवायला त्याची गरजही नाही. कृपया त्यांनाही ते विचारू नये.

त्यांच्या कामाच्या कुवतीबद्दल मला शंका नाही. अडचण ठरावीक प्रसंगी येते : अचानक बोलावणे आले की, पाठीमागे सतत वर्दळ असली की, आणि मोठ्या बैठकीत आयत्या वेळी बोलावे लागले की. अशा वेळी छाती धडधडते, हात थरथरतात, समोरचे आकडे वाचूनही डोक्यात शिरत नाहीत. हा जोर साधारणपणे काही मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरू लागतो. ती मिनिटे निभावता आली, तर माणूस पुन्हा कामाला लागतो.

त्यासाठी सर्वांत आधी एक बिनखर्चाची गोष्ट सुचवते. 'जरा केबिनमध्ये या' एवढाच निरोप आला, की केबिनपर्यंत जाईतो मन नोकरी जाण्यापर्यंत पोहोचलेले असते. त्याऐवजी 'मे महिन्याच्या ताळेबंदातल्या दोन नोंदींबद्दल बोलायचे आहे, चार वाजता या' असा निरोप द्यावा. बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळावेत. तोंडी दिलेल्या सूचना आणि कामाचा अग्रक्रम त्याच दिवशी दोन ओळींत लिहून मिळावा.

बसायची जागा भिंतीला पाठ येईल अशी, ये-जा कमी असलेल्या बाजूला असावी. गरज पडल्यास कारण न सांगता दहा-पंधरा मिनिटे जागेवरून उठून जाता यावे. त्या वेळी कुणी मागे जाऊ नये की भोवती गर्दी करू नये. दर बुधवारी उपचारासाठी दुपारी चारला निघता यावे. तो वेळ त्या इतर दिवशी भरून काढायला तयार आहेत. आठवड्यातून एक दिवस घरून काम पुरेसे आहे. त्याहून जास्त मी सुचवत नाही.

याचे कारण सविस्तर सांगायला हवे, कारण चांगल्या हेतूने केलेली सवलत इथे उलटू शकते. ज्याची भीती वाटते ते टाळले की तात्पुरते हायसे वाटते, पण पुढच्या वेळी भीती अधिक घट्ट होऊन परत येते. म्हणून महिनाअखेरचे सादरीकरण त्यांच्याकडून काढून घेऊ नये. पहिल्या महिन्यात ते दोघा-तिघा ओळखीच्या सहकाऱ्यांपुढे, मग विभागापुढे, मग पूर्ण बैठकीत, अशा पायऱ्यांनी त्यांना करू द्यावे. पुढची पायरी कधी, हे त्यांच्याशी बोलून ठरवावे. त्यांच्या कामाचे मूल्यमापन नेहमीच्याच निकषांवर व्हावे. या सोयींमुळे बढतीच्या वेळी त्यांचे नाव मागे पडले, तर मात्र तो अन्याय होईल.

हे पत्र सर्वसाधारण सेवा-नोंदीत न लावता वेगळे, कुलपात ठेवावे. त्याची छायाप्रत किंवा मोबाईलवर फोटो काढू नये. त्यांच्या थेट वरिष्ठांना फक्त सोयी कळवाव्यात, निदान नाही. सहकाऱ्यांनी विचारल्यास 'कामाच्या व्यवस्थेत बदल केला आहे' एवढे उत्तर पुरे.

आपल्याला शंका असल्यास त्या लेखी पाठवाव्यात. कर्मचाऱ्यांना दाखवून, त्यांच्या संमतीने मी उत्तर देईन. फोनवर मी त्यांच्याविषयी काहीही बोलणार नाही. त्या माझ्याकडे येतात की नाही, हेसुद्धा सांगणार नाही. ही संमती त्या केव्हाही मागे घेऊ शकतात.

या सोयी सध्या बारा आठवड्यांसाठी कराव्यात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपण आणि त्या, अशा दोघींनी बसून काय उपयोगी पडले, काय नको आहे ते पाहावे. काही सोयी तोवर लागणारही नाहीत, अशी मला आशा आहे. त्या भेटीनंतर गरज वाटल्यास मी सुधारित शिफारस देईन.

कळावे,
आपली विश्वासू,

(स्वाक्षरी)
चिकित्सा मानसशास्त्रज्ञ

प्रत : संबंधित कर्मचारी