घरातील लग्नासाठी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज

दिनांक : 17 नोव्हेंबर 2025
पणजी, गोवा

प्रति,
इंटर्नशिप मार्गदर्शक,
जीएसटी विभाग,
पणजी कार्यालय.

विषय : 27 व 28 नोव्हेंबर रोजी दोन दिवसांची रजा मिळण्याबाबत.

आदरणीय मॅडम,

माझ्या मोठ्या काकांच्या मुलीचे लग्न शुक्रवार, दि. 28 रोजी केरी-सत्तरी येथे आमच्या मूळ घरी आहे. त्यासाठी गुरुवार, दि. 27 व शुक्रवार, दि. 28 असे दोन दिवस मला रजा मिळावी, ही विनंती.

लग्नाला एक दिवस पुरला असता, पण गुरुवारी चुडा भरायचा आहे आणि करवली मीच आहे. घरात आमच्या पिढीतल्या मुली दोघीच. त्यातली एक नवरी. शिवाय वऱ्हाड बेळगावहून चोर्ला घाटाने उतरून सकाळीच पोचणार, त्यामुळे शुक्रवारी पहाटे पणजीहून निघून चालणार नाही.

कामाचे सांगायचे तर GSTR-3B ची 20 तारीख तोवर होऊन गेलेली असेल. हॉटेलवाल्या क्लायंटची ऑक्टोबरची खरेदी GSTR-2B शी ताडून झाली आहे. 14 बिले त्यात दिसत नव्हती. त्यातले एक दिसत नव्हते ते माझ्याच चुकीने : टॅलीत नोंद करताना बिल क्रमांकातल्या 7 चा मी 1 केला होता. ती नोंद दुरुस्त केली आहे. उरलेल्या 13 बिलांची यादी पुरवठादारांच्या फोन नंबरांसह तयार आहे. 26 तारखेपर्यंत सगळ्यांना फोन करून कोणी काय सांगितले ते त्याच शीटमध्ये लिहून ठेवते. माझ्या शेजारी बसणाऱ्या प्रणालीला फाइल समजावून दिली आहे आणि दोन दिवस लक्ष ठेवायला ती तयार आहे. तिच्यावर नवीन काम पडू नये, याची काळजी मी घेईन.

बुडालेले 16 तास भरून काढण्यासाठी 6, 13, 20 आणि 27 डिसेंबर या चार शनिवारी कार्यालय दुपारी सुटल्यावर चार-चार तास थांबायची माझी तयारी आहे. आपली हरकत नसेल तर कॉलेजच्या इंटर्नशिप डायरीत तशीच नोंद करीन. रजेनंतरच्या आठवड्यात 3 डिसेंबरला फेस्ताची सुट्टी आहेच, तेव्हा तिला जोडून आणखी रजा मागणार नाही.

केरीला घरात मोबाइलची रेंज धड मिळत नाही, अंगणात मिळते. अडलेच तर मेसेज टाकून ठेवावा. दुपारी आणि रात्री बघून उत्तर देईन. शनिवार, दि. 29 रोजी नेहमीच्या वेळी कामावर हजर होईन.

लग्नाची पत्रिका सोबत जोडली आहे. ती रजेच्या पुराव्यासाठी नाही, आमंत्रण म्हणून आहे. काकांनी आपल्याला आणि कार्यालयातल्या सर्वांना आवर्जून बोलावले आहे.

आपली विश्वासू,
श्रुती गावकर
इंटर्न, तृतीय वर्ष बी. कॉम.

सोबत : लग्नपत्रिका, 13 बिलांची यादी.