ताईंच्या मिलानमधल्या घराच्या विम्याची कलमे, मराठीत

कशाची भरपाई नाही: विमाधारकाने मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने केलेले नुकसान, भिंतीतली ओल, उघड्या खिडकीतून आलेले पावसाचे पाणी. (ताई, तुमचा फुटलेला पाइप यात बसत नाही, त्याची भरपाई आहे.)

‘फ्रान्कीजा’: दर घटनेला पहिले २०० युरो विमाधारकाने सोसायचे. म्हणजे नुकसान ९०० चे, तर हातात ७००. ‘स्कोपेर्तो’ निराळा, तोही विमाधारकाने सोसायचा वाटा, पण नुकसानीच्या टक्क्यांत मोजतात. इथे फक्त चोरीला, १० टक्के. दोन्हींची गल्लत करू नका.

दावा: घटना कळल्यापासून ३ दिवसांत नोंदणीकृत पत्राने किंवा प्रमाणित ईमेलने कळवावे. फोटो, प्लंबरचे बिल जोडावे. कंपनीचा तज्ज्ञ पाहून जाईपर्यंत भिजलेले सामान टाकू नये.