सौर पथदिव्यांच्या बॅटऱ्या कधी बदलाव्या लागतील, याबाबत

खानापूर, दि. १२ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व पीडीओ,
ग्रामपंचायत जांबोटी, ता. खानापूर, जि. बेळगाव

महोदय,

गेल्या आठवड्यात गावातले सगळे २८ खांब तपासले. त्यातल्या १८ खांबांना डिसेंबर २०२० मध्ये बसवलेल्या १२ व्होल्ट ४० अँपिअर-तासाच्या ट्युब्युलर बॅटऱ्या आहेत, उरलेल्या १० खांबांना २०२३ च्या लिथियम.

ट्युब्युलर बॅटरी या कामात साधारण ४ ते ५ वर्षं टिकते. त्या हिशेबाने या १८ ची वेळ भरत आली आहे. १२ वॅटचा दिवा ताशी १ अँपिअर-तास खातो, म्हणजे रात्रीला १२. नवी बॅटरी ऊन नसतानाही दोन रात्री सहज काढते. खांब क्र. ३, ४, ९, १५ आणि १७ कडक उन्हाच्या दिवसानंतरही रात्री अकराच्या आत विझतात, म्हणजे ४० पैकी चार-पाचच शिल्लक आहेत. हे पाच लगेच बदलावेत. बाकीचे १३ येत्या एप्रिलमध्ये बदलावेत. आपल्याकडचा पाऊस बघता ते जून ते सप्टेंबर काढतील असं वाटत नाही. ढगांमुळे अर्धवट चार्ज होऊन बॅटरी रिकामीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती पुन्हा भरत नाही.

दिवा लवकर विझला म्हणजे बॅटरीच गेली, असं मात्र नाही. क्र. २२ वर फणसाच्या फांदीची सावली पॅनेलवर येते. फांदी छाटली की पुरे. क्र. ९ च्या पेटीत मात्र कुणीतरी माळेच्या दिव्यांची वायर थेट बॅटरीला जोडलेली सापडली. त्यामुळे कंट्रोलरची कमी व्होल्टेजची कटऑफ लागतच नाही आणि बॅटरी पूर्ण रिकामी होते. सणासुदीला अशी जोडणी होऊ देऊ नये.

लिथियमच्या बॅटऱ्या २०३१ च्या आधी बदलाव्या लागू नयेत. त्यांचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सारखाच दिसतो, त्यामुळे मीटर लावून फसायला होतं. रात्री किती वेळ जळतो तेच बघावं.

बदलताना लिथियम घ्यावी, असं माझं मत आहे. डिस्टिल्ड वॉटर घालायची कटकट जाते. फक्त त्यासोबत चार्ज कंट्रोलरही बदलावा लागेल. ट्युब्युलरचं सेटिंग लिथियमला चालत नाही. ट्युब्युलरच ठेवायची असेल तर आताच १८ नग घेऊन गोदामात ठेवू नका, पडून पडून खराब होतात. बनावटीची तारीख ३ महिन्यांच्या आतली बघून घ्यावी.

जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नयेत. त्या आम्ही अधिकृत रिसायकलरकडे पोचवू आणि भंगाराची रक्कम पावतीसह बिलातून वजा करू. दोन्ही पर्यायांचं दरपत्रक सोबत आहे. पाच खांबांचं काम मंजुरीनंतर दोन दिवसांत होईल. मंजुरी तेवढी लवकर कळवावी.

आपला,
सौर पथदिवे ठेकेदार, खानापूर